डेफर्ड टॅक्स काढताना घसाऱ्याच्या फरकात होणाऱ्या या चुका टाळा

ऑगस्ट-सप्टेंबर आला की भोसरी, चाकण, हडपसरच्या छोट्या-मध्यम कंपन्यांची ऑडिटं एकदम अंगावर येतात, आणि दरवर्षी डेफर्ड टॅक्सच्या वर्किंगमध्ये त्याच त्या चुका दिसतात. आर्टिकलशिपची मुलं हुशार असतात, एक्सेल माझ्यापेक्षा वेगानं चालवतात. पण मागच्या वर्षीची शीट उघडायची, वरची तारीख बदलायची, दोन आकडे टाकायचे आणि खाली येईल ते नफा-तोटा पत्रकात न्यायचं, ही सवय काही सुटत नाही. इथे मी एएस 22 लागू असलेली, कलम 115बीएए निवडलेली साधी उत्पादक कंपनी धरून लिहितो आहे. म्हणजे 22 टक्के कर, त्यावर 10 टक्के सरचार्ज, त्यावर 4 टक्के सेस, मिळून 25.168 टक्के.

मुळात फरक का पडतो ते आधी पक्कं करा. पुस्तकात आपण कंपनी कायद्याच्या शेड्यूल दोनप्रमाणे चालतो. सर्वसाधारण मशीनचं आयुष्य 15 वर्षं, शेवटी 5 टक्के किंमत शिल्लक धरायची आणि बाकीची रक्कम बहुतेक ठिकाणी दरवर्षी सारखी उतरवायची. आयकरात प्रत्येक मशीनचा वेगळा हिशोब नाहीच. सगळी मशिनरी एका ब्लॉकमध्ये जाते आणि ब्लॉकच्या उरलेल्या रकमेवर 15 टक्के घसारा मिळतो. वस्तू तीच, खरेदी किंमत तीच, फक्त ती खर्ची पडण्याचा वेग वेगळा. आयकरात घसारा लवकर मिळाला तर आज कर कमी भरला जातो आणि पुढच्या वर्षांत तेवढाच जास्त भरावा लागतो. तो पुढचा कर आजच पुस्तकात दाखवायचा, ती डेफर्ड टॅक्स लायबिलिटी.

दोन घसाऱ्यांची वजाबाकी म्हणजे डेफर्ड टॅक्स नव्हे

सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक हीच. पुस्तकी घसारा वजा आयकराचा घसारा, गुणिले दर, झालं काम. ज्या वर्षी कंपनीनं काहीच विकलेलं नसतं त्या वर्षी हे उत्तर बरोबर येतं, म्हणून सवय घट्ट होते. मशीन विकलं की गणित कोसळतं, आणि कोसळलं हे कळतही नाही.

भोसरीच्या एका कंपनीच्या ऑडिटमध्ये हे घडलं. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. वर्षाच्या सुरुवातीला मशिनरीची पुस्तकी किंमत 90 लाख आणि आयकराच्या ब्लॉकची 70 लाख. वर्षात एक जुनं मशीन 12 लाखांना विकलं. पुस्तकात त्याची किंमत 8 लाख उरली होती, म्हणजे 4 लाखांचा नफा नफा-तोटा पत्रकात आला. नवीन खरेदी काही नाही. वर्षाचा पुस्तकी घसारा 9 लाख.

आयकराच्या बाजूला त्या 4 लाखांच्या नफ्याला जागाच नाही. ब्लॉकमधून विक्रीचे पूर्ण 12 लाख वजा होतात, 58 लाख उरतात, त्यावर 15 टक्क्यांनी 8.70 लाख घसारा. कम्प्युटेशनमध्ये 50 लाख करपूर्व नफ्यात पुस्तकी घसारा 9 लाख मिळवले, विक्रीचा नफा 4 लाख वजा केले, आयकराचा घसारा 8.70 लाख वजा केला. करपात्र उत्पन्न 46.30 लाख आणि त्यावर चालू वर्षाचा कर 11,65,278 रुपये. इथपर्यंत आर्टिकलनं सगळं बरोबर केलं होतं.

डेफर्ड टॅक्सला मात्र त्यानं 9 लाख आणि 8.70 लाख एवढेच दोन आकडे घेतले. फरक 30 हजार, पुस्तकी घसारा जास्त, म्हणून 7,550 रुपये लायबिलिटीतून कमी करून जमेला घातले. मी त्याला कर-जुळवणी करायला सांगितली. 50 लाखांवर 25.168 टक्के म्हणजे 12,58,400 यायला हवेत, त्याच्याकडे चालू आणि डेफर्ड मिळून 11,57,728 येत होते. थोड्या वेळानं तो शीट घेऊन आला.

"सर, 1,00,672 चा फरक राहतोय. 'इतर समायोजन' असं लिहून टाकू का? मागच्या वर्षीही तशी एक ओळ होती."

"इतर म्हणजे नक्की काय रे? या कंपनीत दंड नाही, देणगी नाही, दुसरं काही नामंजूर केलेलं नाही. 1,00,672 ला 25.168 टक्क्यांनी भाग आणि काय येतं ते मला सांग."

उत्तर बरोबर 4 लाख आलं. विक्रीचा नफा. तो आज पुस्तकात आला, आयकरात मात्र ब्लॉक तेवढ्यानं जास्त घटला, म्हणून तो पुढच्या वर्षांत कमी घसाऱ्याच्या रूपानं कर वाढवत राहणार. हाही वेळेचाच फरक आहे, आणि घसाऱ्यांच्या वजाबाकीत तो कुठेच दिसत नाही.

माझी सवय म्हणून मी वर्षाच्या हालचालीला हातच लावत नाही. दोन्ही बाजूंच्या शेवटच्या शिलका घेतो. पुस्तकात 90 वजा 8 वजा 9, म्हणजे 73 लाख. आयकरात 58 वजा 8.70, म्हणजे 49.30 लाख. फरक 23.70 लाख, त्यावर लायबिलिटी 5,96,482 रुपये. सुरुवातीला 20 लाखांच्या फरकावर 5,03,360 होती. वाढ 93,122, आणि तीच या वर्षीच्या नफा-तोटा पत्रकात खर्चाला. चालू कर 11,65,278 अधिक 93,122, बेरीज 12,58,400. रुपयापर्यंत जुळलं. आर्टिकलचं उत्तर नुसतं कमी नव्हतं, उलट्या बाजूला होतं: खर्चाऐवजी जमा.

एक मर्यादा लक्षात ठेवा. विक्रीची रक्कम ब्लॉकच्या शिलकेपेक्षा जास्त झाली, किंवा ब्लॉकमधली सगळीच मालमत्ता विकली गेली, तर कलम 50 लागतं आणि फरक त्याच वर्षी अल्पकालीन भांडवली नफा-तोटा म्हणून येतो. मग त्या ब्लॉकची आयकराकडची शिल्लक शून्य होते. शिलकांची पद्धत तिथेही चालते, फक्त शून्य लिहायला विसरू नका.

आयकराची सुरुवातीची शिल्लक कुठून घेतलीत?

मागच्या वर्षीच्या डेफर्ड टॅक्स शीटमधून घेतली असेल तर थांबा. ती शीट ताळेबंदावर सही होताना बनलेली असते. रिटर्न त्यानंतर जातं, आणि मधल्या काळात कोणाला तरी एखादं बिल सापडतं, एखादं मशीन उशिरा वापरात आल्याचं कळतं, ब्लॉक बदलतो. मी मागच्या वर्षीचं भरलेलं रिटर्न उघडून शेड्यूल डीपीएममधली शेवटची शिल्लक घेतो आणि ती थ्री-सीडी फॉर्मच्या कलम 18 शी ताडून पाहतो. पाच मिनिटांचं काम आहे. ते न करण्याला कारण म्हणून मला आजवर फक्त "वेळ नव्हता" हेच ऐकायला मिळालं आहे, आणि ते मी मान्य करत नाही.

मालमत्तेच्या तक्त्याची तळाची बेरीज उचलू नका

ताळेबंदातल्या स्थिर मालमत्तेच्या एकूण आकड्यातून आयकराच्या ब्लॉकची बेरीज वजा करणारे लोक आहेत. त्या एकूण आकड्यात जमीन असते आणि जमिनीला आयकरात घसारा नाही. आपल्याकडे तर बहुतेक कारखाने एमआयडीसीच्या 95 वर्षांच्या लीजच्या प्लॉटवर. लीजचा प्रीमियम पुस्तकात दरवर्षी थोडा थोडा उतरवला जातो, कम्प्युटेशनमध्ये तो परत मिळवला जातो आणि पुढे कधीच घसारा म्हणून मिळत नाही. एएस 22 च्या भाषेत तो कायमचा फरक, त्यावर डेफर्ड टॅक्स नाही. प्लॉटचे 50 लाख चुकून फरकात शिरले तर साडेबारा लाखांची लायबिलिटी हवेतून तयार होते. उभारणी चालू असलेलं काम दोन्हीकडे घसाऱ्याबाहेर असतं, तेही बाजूला ठेवा. मी इमारत, मशिनरी, फर्निचर, संगणक अशा चार ओळी मांडतो आणि प्रत्येक ओळीपुढे दोन्हीकडची शिल्लक लिहितो. एकच बेरीज असलेली शीट मी तपासायलाच घेत नाही.

बिलाची तारीख आणि वापराची तारीख

आयकरात त्याच वर्षी घेतलेलं मशीन वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरलं तर त्या वर्षी अर्धाच दर, म्हणजे 7.5 टक्के. साध्या वर्षात 3 ऑक्टोबर ते 31 मार्च हे बरोबर 180 दिवस होतात. सप्टेंबरचं बिल असलेलं मशीन नोव्हेंबरात बसवून चालू झालं असेल तर अर्धाच घसारा घ्या. कमिशनिंग रिपोर्ट मागा. स्टोअरचा माणूस तो दोन मिनिटांत काढून देतो, विचारणारा लागतो.

दर

25 टक्के नाही, 22 टक्के नाही. सरचार्ज आणि सेससकट 25.168. आणि कंपनी जुन्या दरांतून 115बीएए मध्ये आली त्या वर्षी सुरुवातीची लायबिलिटीही नव्या दरानं मोजायची. त्यातून पडणारा फरक त्याच वर्षीच्या नफा-तोटा पत्रकात जातो आणि कर-जुळवणीत त्याची वेगळी ओळ येते.

असेट आली म्हणजे चूक झाली असं नाही

हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत उलटं चित्र दिसतं आणि नवीन मुलं घाबरून चिन्ह बदलतात. एक लाखाचा लॅपटॉप घ्या, पूर्ण वर्षं धरा. पुस्तकात तीन वर्षांत तो 5 हजारांवर येतो. आयकरात 40 टक्क्यांनी उतरतो, तिसऱ्या वर्षाअखेर 21,600 शिल्लक असतात. म्हणजे आयकरात अजून 16,600 चा घसारा जास्त मिळायचा आहे आणि ती डेफर्ड टॅक्स असेट आहे. लॅपटॉप काहीच पैसे न मिळता भंगारात काढून पुस्तकातून पुसला तरी आयकराचा ब्लॉक तसाच राहतो, त्यामुळे असेट वाढतेच. चिन्ह बदलू नका.

ती असेट ताळेबंदात घ्यायला मात्र पुढे पुरेसा करपात्र नफा होईल याची रास्त खात्री लागते. कंपनीकडे ओढून आणलेला तोटा किंवा न वापरलेला घसारा असेल तर एएस 22 ची अट आणखी कडक होते: जवळजवळ पूर्ण खात्री, तीही ठोस पुराव्यासह. संचालकांनी आशेनं बनवलेलं प्रोजेक्शन हा तो पुरावा नाही. हातात असलेली पक्की, बांधील ऑर्डर चालते. ती फाइलला लावा, नसेल तर लायबिलिटीच्या मर्यादेपलीकडे असेट घेऊ नका.