जुन्या मूर्तीवर फिकट हिरवी पावडर येतेय? आधी घासणं थांबवा आणि या चुका टाळा

मुंबईत जून-जुलै आला की घरोघरी हा प्रकार सुरू होतो, शोकेसमधल्या जुन्या ब्रॉन्झच्या किंवा पितळी मूर्तीवर फिकट हिरवे ठिपके दिसायला लागतात, बोट लावलं की पावडर हाताला येते, आणि मग कोणीतरी म्हणतं अगं चिंच-मीठ लाव, लख्ख होईल. होते लख्ख. पण पुढच्या पावसाळ्यात ठिपके परत, आणि बहुतेक वेळा आधीपेक्षा जास्त.

याला ब्रॉन्झ डिसीज म्हणतात. नाव ऐकून वाटतं बुरशी-बिरशी असेल, एका मूर्तीवरून दुसरीवर पसरेल, तर तसं काही नाहीये, ही सरळ केमिस्ट्री आहे. मूर्ती जमिनीत पुरलेली असते किंवा खाऱ्या पाण्यात पडलेली असते तेव्हा क्लोराईड आत शिरतं आणि वरच्या हिरव्या-तपकिरी थराच्या खाली, अगदी धातूला चिकटून, क्यूप्रस क्लोराईड तयार होऊन बसतं. करड्या रंगाचं, थोडं मेणासारखं दिसतं. कोरडं असेपर्यंत ते शांत राहतं. दमट हवा लागली की हे होतं:

```
4CuCl + O₂ + 4H₂O → 2Cu₂(OH)₃Cl + 2HCl
```

उजवीकडचा पहिला पदार्थ म्हणजे ती हिरवी पावडर, ती जास्त जागा घेते म्हणून वरचा थर फुगून सुटतो आणि खाली खड्डा पडतो. दुसरा पदार्थ हायड्रोक्लोरिक ॲसिड, ते उरलेल्या तांब्याला खातं आणि पुन्हा क्यूप्रस क्लोराईड बनवतं, मग परत पहिल्यापासून. म्हणजे पावडर पुसून काही होत नाही, ती फक्त परिणाम आहे, मूळ माल खड्ड्याच्या तळाशी.

पण सगळं हिरवं म्हणजे रोग नाही, आणि इथेच बरेच जण गडबडतात. गडद हिरवा, कडक, गुळगुळीत थर असेल, नखाने निघत नसेल, तर तो बहुतेक मॅलाकाइट, म्हणजे तांब्याचं कार्बोनेट, तो तसाच राहू द्यायचा. देवघरातल्या मूर्तीवर वर्षानुवर्षं तेल-तूप लागलेलं असतं, त्यातल्या फॅटी ॲसिडची तांब्याशी रिॲक्शन होऊन हिरवा चिकट मेणचट थर येतो, सुई फिरवली तर ओरखडा उमटतो पण पावडर उडत नाही. तोही ब्रॉन्झ डिसीज नाही. खऱ्या रोगाचे ठिपके फिकट असतात, भुसभुशीत, खड्ड्यातून वर आलेले, आणि मूर्तीखाली शेल्फवर हिरवा चुरा पडलेला दिसतो. लॅबमध्ये शंका असेल तर थोडी पावडर पातळ नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवून सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकतात, दुधाळ पांढरं झालं की क्लोराईड आहे. नुसतं क्लोराईड सापडलं म्हणजे रोग चालू आहे असं मात्र नाही, ते कळायला मूर्ती दमट डब्यात ठेवून नवीन ठिपके येतात का ते बघावं लागतं.

आता गिरगावातल्या एका काकांची केस सांगतो. वीतभर उंचीची पितळी पार्श्वनाथाची मूर्ती, चोर बाजारातून घेतलेली, फणांच्या मागे ठिपके. (चोर बाजारातल्या मालाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा, नवीन मूर्ती जुनी दिसावी म्हणून नवसागर लावून हिरवी करतात, नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराईड, त्यामुळे मूर्ती जुनी नसली तरी क्लोराईड फुकटात मिळू शकतं.) काकांनी ठरलेला क्रम केला. चिंच आणि मीठ लावून घासली, नळाखाली धुतली, वरून स्प्रे लॅकर मारलं, मग पावसाळ्यात हवा लागू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवली.

एकेक बघू. मीठ म्हणजेच सोडियम क्लोराईड, म्हणजे जे बाहेर काढायचं तेच खड्ड्यात चोळलं, आणि चिंचेच्या ॲसिडने वरचा टिकाऊ थर गेला. नळाच्या पाण्यातही क्लोराईड असतं, आणि खड्ड्यात राहिलेल्या ओलाव्याने वर लिहिलेली रिॲक्शनच चालू होते. लॅकरमधून दमट हवा हळूहळू आत जाते, त्यामुळे खाली रोग चालूच राहतो, फक्त आता लॅकरखाली असल्यामुळे उशिरा दिसतो. आणि पिशवी बांधली ती जुलैच्या दिवशी, म्हणजे आतली हवा आधीच ओली.

मग मूर्ती कॉन्झर्व्हेटरकडे, म्हणजे जुन्या वस्तू जतन करणाऱ्या तज्ज्ञाकडे गेली. त्याने हातात घेतल्यावर पहिलं काम केलं ते औषधाचं नाही, फोटो काढले, वजन घेतलं आणि मूर्ती सिलिका जेलच्या डब्यात कोरडी केली. मग ॲसिटोनने लॅकर काढलं, मायक्रोस्कोपखाली बारीक स्काल्पेलने एकेक खड्डा कोरला, करडं क्यूप्रस क्लोराईड जितकं निघेल तितकं काढलं. हे सगळ्यात कंटाळवाणं काम आणि माझ्या मते यावरच पुढचं सगळं अवलंबून, कारण खड्डा नीट रिकामा झाला नाही तर औषध वरवरच राहतं.

मग बेंझोट्रायाझोल, सगळे बीटीए म्हणतात. इथेनॉलमध्ये 3 टक्के, त्यात मूर्ती बुडवून व्हॅक्यूम, म्हणजे खड्ड्यातली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते आणि द्रावण आत जातं, साधारण 24 तास. ते तांब्याशी एक पातळ संरक्षक थर बनवतं. क्लोराईड काढून टाकत नाही, हे नीट समजून घ्या, झाकतं. बाहेर काढून जास्तीचं इथेनॉलने पुसलं, नाहीतर पांढरे स्फटिक राहतात. आणि प्लीज हे घरी करू नका, बीटीए विषारी आहे आणि इथेनॉलची वाफ पेट घेते.

मग परीक्षा. बंद डब्यात ओला कापूस, आर्द्रता 95 टक्क्यांच्या आसपास, मूर्ती एक दिवस आत. फणांच्या मागे दोन ठिपके परत आले. असं होतंच, खोल खड्ड्यात बीटीए हरतं. तिथे परत कोरून सिल्व्हर ऑक्साईडची पेस्ट भरली, ती उरलेल्या क्लोराईडला सिल्व्हर क्लोराईड म्हणून बांधून टाकते. पुन्हा डबा, यावेळी काही आलं नाही, मग पॅरालॉईड बी-72 या ॲक्रिलिक रेझिनचा पातळ कोट.

काकांनी विचारलं की सोड्याच्या पाण्यात भिजवून सगळं क्लोराईड का नाही काढलं. सोडियम सेस्क्विकार्बोनेटचं 5 टक्के द्रावण वापरायचे, पण त्याला महिनोन् महिने लागतात, आणि जुन्या थराचा रंगच बदलतो, निळसर होतो. इलेक्ट्रोलिसिसही जुना उपाय, चेन्नईच्या सरकारी म्युझियमची लॅब 1930 साली ब्रॉन्झ मूर्तींसाठी त्यावरच सुरू झाली, पण त्यात वरचा थर जातो, म्हणून आता सहसा टाळतात.

शेवटी ठेवायचं कसं, कारण यातलं काही कायमचं नाही. आर्द्रता 40 टक्क्यांच्या खाली राहिली की क्यूप्रस क्लोराईड बहुतेक गप्प बसतं, 55 च्या वर वेगात सुटतं, आणि मुंबईचा पावसाळा 80 च्या वर असतो, त्यामुळे उघड्या शेल्फवर मूर्ती सुरक्षित नाही. घट्ट झाकणाचा पॉलीप्रॉपिलीनचा डबा घ्या, पीव्हीसी नको, त्यातून ॲसिड सुटतं. 10 लिटरच्या डब्याला कोरडं सिलिका जेल 200 ग्रॅम, सोबत छोटा हायग्रोमीटर. हाताळताना ग्लोव्ह्ज, घामातही मीठ असतं. काकांचा हायग्रोमीटर 40 वर गेला की जेल ओव्हनमध्ये 110 डिग्रीला काही तास तापवून, गार करून परत टाकायचं, पावसाळ्यात हे वरचेवर करावं लागतं. डबा न उघडता काच किंवा पारदर्शक झाकणातून मूर्ती बघायची, आणि फणांच्या मागे पुन्हा फिकट हिरवं दिसलं तर काहीही न लावता फोटो काढून तसाच डबा कॉन्झर्व्हेटरकडे न्यायचा. मुंबईत फोर्टला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कॉन्झर्वेशन सेंटर आहे, कोणाकडे जायचं हे माहीत नसेल तर आधी तिथे विचारा.