दरमहा छत्तीस रुपये कमी का येतात?

परळच्या एका कंपनीत मी ट्रेझरीत लागले, तेव्हा नाममात्र दर, प्रभावी दर आणि सतत चक्रवाढीचा दर या तिघांची सूत्रं मला पाठ होती. परीक्षेत त्यांवर गुणही मिळाले होते. पण सूत्रात नेमकं काय चाललंय हे कळलं ते बाबांच्या पासबुकामुळे. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना मी आजही तिथूनच सांगायला सुरुवात करते.

बाबा निवृत्त झाल्यावर त्यांनी डोंबिवलीत घराजवळच्या बँकेत १० लाखांची एफडी केली. दर ७.२ टक्के, व्याज दरमहा खात्यात. हिशोब त्यांनी तोंडीच केला: वर्षाचे ७२,०००, म्हणजे महिन्याचे ६,०००. पहिल्या महिन्यात जमा झाले ५,९६४. १५एच फॉर्म भरलेला होता, त्यामुळे टीडीएसचा प्रश्न नव्हता. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, "काका, मंथलीला डिस्काउंटेड रेट लागतो." बाबा घरी येऊन मला म्हणाले, "तू एवढी फायनान्सवाली, सांग बघू, माझे छत्तीस रुपये कुणी खाल्ले?"

कुणीच खाल्ले नव्हते. पण ते समजावताना माझीच दमछाक झाली.

शाळेच्या गणितात 'द.सा.द.शे. ७.२ दराने' असं लिहिलेलं असायचं. दर साल, दर शेकडा. या चार अक्षरांत एक गोष्ट येतच नाही: व्याज मुद्दलात कधी मिसळणार? वर्षातून एकदा, चारदा की बारा वेळा? ते सांगितल्याशिवाय ७.२ हा आकडा अर्धवट आहे. अशा अर्धवट आकड्यालाच नाममात्र दर म्हणतात. आपल्याकडे बँकांच्या एफडीत चक्रवाढ साधारणपणे तिमाही असते, आणि फलकावरचा दर त्या हिशोबाने लावलेला असतो. म्हणजे बाबांचे ७.२ टक्के हे खरं तर 'तिमाहीला १.८ टक्के' होते.

१० लाखांवर तिमाहीला १.८ टक्के म्हणजे तीन महिने संपल्यावर १८,००० रुपये. बाबांना मात्र त्यातला पहिला हप्ता दोन महिने आधी मिळतो आणि दुसरा एक महिना आधी. लवकर मिळालेल्या पैशावर तेवढ्या दिवसांचं व्याज सुटतं, आणि बँक तेवढंच कापते. पडताळून बघा. पहिले ५,९६४ रुपये त्याच दराने दोन महिने वाढले तर ६,०३६ होतात. दुसरे ५,९६४ एक महिन्यात ६,००० होतात. तिसरे आहेत तसे ५,९६४. बेरीज बरोबर १८,०००.

ही बेरीज मी वहीच्या मागच्या पानावर मांडली तेव्हा बाबांचं समाधान झालं. "म्हणजे लवकर घेतले म्हणून कमी," एवढंच म्हणाले.

आता हेच दराच्या भाषेत. एका प्रकारच्या दरावरून दुसऱ्या प्रकारावर जायचं असेल तर मधे एकच पूल आहे: आजचा एक रुपया वर्षाअखेरीस किती होतो? तिमाही १.८ टक्क्याने तो चार वेळा वाढतो. १.०१८ ला चार वेळा गुणलं की १.०७३९६७ येतात. म्हणून प्रभावी वार्षिक दर ७.३९६७ टक्के. हा दर पूर्ण आहे, त्याला 'कितीदा मिसळतं?' हा प्रश्न उरत नाही.

मासिक दर हवा असेल तर उलट चालायचं. असा कोणता मासिक दर आहे, जो बारा वेळा लावला की हेच १.०७३९६७ येतील? बाराव्या मुळाने उत्तर येतं ०.५९६४३६ टक्के, वर्षाला ७.१५७२. तो १० लाखांवर लावा, बाबांचे ५,९६४ रुपये ३६ पैसे मिळतात. काउंटरवरच्या मुलीचा डिस्काउंटेड रेट तो हाच.

आणखी लहान तुकडे करत गेलं तर? रोज मिसळलं तर समतुल्य नाममात्र दर ७.१३६७. तासाला, मिनिटाला, क्षणाला मिसळलं तर तो ७.१३६० पाशी येऊन थांबतो. त्याच्या खाली जात नाही. याकोब बर्नुली या गणितज्ञाने १६८३ मध्ये हाच विचार दुसऱ्या बाजूने केला होता: दर शंभर टक्के ठेवून वर्षाचे तुकडे वाढवत नेले तर एका रुपयाचं काय होतं? तो अमर्याद वाढत नाही, २.७१८ च्या जवळ थांबतो. हीच संख्या पुढे e म्हणून ओळखली गेली. म्हणून सतत चक्रवाढीचा दर काढायला लॉगरिदम लागतो. सगळं मिळून एका ओळीत:

```
(1 + r_m/m)^m  =  1 + r_eff  =  e^(r_c)
```

यात m म्हणजे वर्षातून किती वेळा व्याज मिसळतं ते, r_m त्या पद्धतीचा नाममात्र दर, r_eff प्रभावी दर आणि r_c सतत दर. एक्सेलमध्ये असं:

```
=EFFECT(0.072,4)             0.073967
=NOMINAL(EFFECT(0.072,4),12) 0.071572
=4*LN(1+0.072/4)             0.071360
```

सतत दरासाठी वेगळं फंक्शन नाही, तो LN नेच काढावा लागतो. आणि EFFECT ला दिलेला दुसरा आकडा पूर्णांक नसेल तर दशांशाचा भाग गुपचूप छाटला जातो. मुदतीचे दिवस भागून आलेला ४.०१ वगैरे तिथे टाकू नका.

बँकेत कुणी सतत चक्रवाढीने व्याज देत नाही, मग हा दर कशाला? कारण त्याच्याशी हिशोब करणं सोपं जातं. ९१ दिवसांचा घातांक आणि उरलेल्या २७४ दिवसांचा घातांक यांची नुसती बेरीज केली की वर्षाचा घातांक मिळतो. तिमाही दरात असे आडवेतिडवे दिवस आले की कटकट सुरू होते. म्हणूनच फ्युचर्सची सैद्धांतिक किंमत काढायची असो किंवा ऑप्शनची, मॉडेलमध्ये e^(rt) असतं. आणि मॉडेलला सतत दर लागतो हे कुठे ठळक लिहिलेलं नसतं.

मी तिथेच आपटले. नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात ५० कोटींच्या ठेवीचं वर्षभरानंतरचं मूल्य काढायचं होतं. दर तोच, ७.२ टक्के तिमाही. शीटमध्ये आधीपासून EXP चं सूत्र होतं, मी त्यात ०.०७२ टाकलं. उत्तर ३.४४ लाखांनी जास्त आलं. मॅडमनी शीट परत पाठवली, 'दर तपासा' एवढाच शेरा. मला वाटलं प्रभावी दर टाकायला हवा होता, म्हणून ०.०७३९६७ टाकलं. आता चूक चौपट, १४ लाखांच्या वर. कारण प्रभावी दरात चक्रवाढ आधीच मुरलेली असते आणि EXP ती पुन्हा लावतं. बरोबर आकडा होता ०.०७१३६०.

अशी चूक डोळ्यांना दिसत नाही, कारण ७.१४, ७.२० आणि ७.४० हे तिन्ही आकडे सारखेच पटण्याजोगे असतात. ती पकडायची एक युक्ती मॅडमनी त्या दिवशी दाखवली. एका रुपयाचं वर्षाअखेरचं मूल्य शीटमध्ये एकदा बँकेच्या पद्धतीने काढायचं, एकदा मॉडेलच्या पद्धतीने, आणि वजाबाकी करायची. सहाव्या दशांशापर्यंत शून्य आली नाही तर पुढे जायचं नाही. दुसरी खूण क्रमाची: समतुल्य दरांमध्ये प्रभावी सर्वांत मोठा, मग तिमाही, मग मासिक, आणि सतत सर्वांत लहान. तुमचा सतत दर तिमाहीपेक्षा मोठा निघाला तर कुठेतरी उलट गेला आहात. मी अजूनही शीटमध्ये दराच्या शेजारचा रकाना फक्त 'कोणता दर' यासाठी ठेवते.

शीट आणि बँकेची पावती पैशापर्यंत जुळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. मुदत पूर्ण तिमाहींची नसेल तर उरलेल्या दिवसांवर सहसा सरळव्याज लागतं, आणि फार लहान मुदतीच्या ठेवीत अनेक बँका चक्रवाढ करतच नाहीत. १० लाखांच्या ठेवीत थोडाफार फरक तिथून येतो. हजारांचा आला तर दराचा प्रकार चुकलाय.

गेल्या दिवाळीत बाबांनी एक जाहिरात कापून ठेवली होती. पाच वर्षांची ठेव, दर ७ टक्के, आणि खाली मोठ्या अक्षरात 'वार्षिक यील्ड ८.३० टक्के'. शेजारी त्यांनी पेन्सिलने दुसऱ्या एका कंपनीच्या ठेवीचा दर लिहिला होता: ७.५ टक्के, वार्षिक चक्रवाढ. "८.३० च मोठा ना?"

तो ८.३० कसा आला हे आता काढता येतं. ७ टक्के तिमाहीने १० लाखांचे पाच वर्षांत १४,१४,७७८ होतात. वाढ ४,१४,७७८. तिला पाचने भागलं, ८२,९५६, म्हणजे ८.३० टक्के. गणित चुकलेलं नाही, पण हा प्रभावी दर नव्हे. चक्रवाढीने मिळालेली वाढ सरळव्याजासारखी वर्षांवर वाटून टाकली आहे. मुदत जितकी लांब, तितका हा आकडा फुगतो. खरा प्रभावी दर १.०१७५ च्या चौथ्या घातावरून येतो: ७.१९ टक्के. आणि ७.५ टक्के वार्षिक चक्रवाढीने तेच १० लाख पाच वर्षांत १४,३५,६२९ होतात, जवळजवळ २१ हजार जास्त. जाहिरातीच्या पद्धतीने मोजलं तर त्या ठेवीचं यील्डही ८.७१ निघतं.

अर्थात बँकेच्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, कंपनीच्या ठेवीला ते नाही, आणि दर बदलून घेण्याच्या गणितात ही जोखीम कुठेच दिसत नाही. बाबांनी शेवटी पैसे बँकेतच ठेवले. फक्त कात्रणावरचा ८.३० खोडून त्यांनी शेजारी ७.१९ लिहिलं, आणि कंसात 'तिमाही ७'.