सेल्फ फिरतो, पण गाडी पकडत नाही: पंपाचा रिले आणि फ्यूज तपासताना या चुका टाळा

पेट्रोल गाडीची चावी ऑन केली की बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक घूं असा आवाज येतो. टाकीतला पंप लाइनमध्ये दाब भरतो आणि थांबतो. सेल्फ जोरात फिरतोय आणि हा आवाज मात्र येत नाही, तर टाकी उतरवायच्या आधी फ्यूज आणि रिले, म्हणजे पंपाचा करंट चालू-बंद करणारा स्विच, बघायचा. चुका होतात त्या इथंच.

पहिली चूक वेळेची. चावी ऑन करून मीटर शोधायला गेलात, तर परत येईपर्यंत ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरने, पंपाची लाइन बंद केलेली असते. मग मीटर शून्य दाखवतो आणि चांगल्या रिलेवर खापर फुटतं. आधी मीटर लावा, मग दुसऱ्या माणसाला चावी फिरवायला सांगा.

दुसरी चूक फ्यूज नुसता डोळ्यांनी बघण्याची. आतली पट्टी कधी कधी पायाजवळ तडकते आणि वरून अखंड दिसते. फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या डोक्यावरच्या दोन्ही उघड्या टोकांना टेस्ट लॅम्प लावा, दुसरी क्लिप अर्थला. एका टोकाला लागतो आणि दुसऱ्याला नाही, म्हणजे फ्यूज गेला. काही गाड्यांत हा फ्यूज रिलेच्या पुढे असतो. तिथं चावी ऑन केल्यावरचे दोन-तीन सेकंदच उपयोगाचे, नाहीतर दोन्ही टोकं मेलेली दिसतील.

सगळ्यात महागात पडते ती तिसरी चूक: 'टक' वाजलं म्हणजे रिले चांगला. टक वाजतो तो ८५ आणि ८६ या पायांमधल्या कॉइलमुळे. पंपाचा करंट जातो ३० आणि ८७ मधल्या कॉन्टॅक्टमधून, आणि जळतो तो कॉन्टॅक्ट. जळलेल्या कॉन्टॅक्टमधूनही मीटर बारा व्होल्ट दाखवू शकतो, कारण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही.

म्हणून रिले काढून बाकावर लोड देऊन तपासा. ८६ ला बॅटरीचा प्लस, ८५ ला मायनस द्या. रिलेवरच्या आकृतीत डायोड दाखवला असेल तर ही दिशा उलटू देऊ नका. मग ३० ला फ्यूज लावलेल्या वायरने प्लस द्या आणि ८७ वरून हेडलाइटचा जुना ५५ वॅटचा बल्ब मायनसला जोडा. हा बल्ब साधारण साडेचार अँपियर ओढतो, म्हणजे पंपाच्या ओढीच्या जवळपास. आता मीटरची एक काडी ३० वर, दुसरी ८७ वर. चांगल्या रिलेत ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आत आकडा येतो.

समजा बॅटरी १२.४ व्होल्ट आहे, रिले टक वाजतो, बल्ब मात्र पिवळट, मंद लागतो आणि मीटर ४ व्होल्ट दाखवतो. म्हणजे पंपाला जेमतेम आठ व्होल्ट पोचतात. दाब पुरेसा तयार होत नाही, गाडी पकडत नाही. उरलेले चार व्होल्ट कॉन्टॅक्टमध्येच उष्णता होऊन जातात, म्हणून अशा रिलेचं डबडं हाताला गरम लागतं. खोलून पॉलिश पेपर मारला तर चार दिवस चालेल, वरचा मुलामा गेला की पुन्हा जळेल. रिले नवाच घाला. हॉर्नचा रिले अदलाबदल करून बघायचा असेल, तर आधी पायांची आकृती आणि अँपियर जुळवून घ्या.

रिले चांगला निघाला तर सॉकेटकडे वळा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सांगलीत पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या सॉकेटमध्ये हिरवट थर किंवा बारीक गाळ सापडला, तर ते आधी साफ करून पाय घट्ट बसतात का बघा. मग ८५-८६ च्या जागी एलईडी टेस्टर लावून चावी ऑन करा. तो दोन-तीन सेकंद लागलाच नाही, तर कॉइलचा प्लस किंवा ईसीयूचा हुकूम येत नाही. चावी ऑनला लागतो, पण सेल्फ मारताना लागत नाही, तर इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळवणाऱ्या क्रँक सेन्सरचा सिग्नल तपासा.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर १५ अँपियरच्या निळ्याच्या जागी ३० चा हिरवा कधीच घालू नका. टाकीकडे जाणारी वायर त्या करंटला तापते, आणि शेजारी पेट्रोल असतं. पंपाचा कनेक्टर काढून योग्य अँपियरचा नवा फ्यूज घाला आणि चावी ऑन करा. तरीही उडाला तर वायर कुठंतरी बॉडीला घासलीय. टिकला तर पंप जाम झालेला असण्याची शक्यता जास्त, आणि टाकी उतरवायची वेळ आता आली.