गेमिंग पीसी: तयार घ्यायचा की जोडायचा? आधी झाकण काढायला लावा

तयार पीसीच्या जाहिरातीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ठळक असतं. काटकसर बहुधा पॉवर सप्लाय आणि मदरबोर्डात केलेली असते. कोल्हापूरच्या राजारामपुरीत चौकशीला गेलात की बाजूचं झाकण काढायला सांगा.

१. मदरबोर्डाच्या मुख्य प्लगच्या पिना मोजा. २४ पिनांचा असेल तर पुढे बाजारातला नेहमीचा पॉवर सप्लाय बहुधा बसतो. कंपनीचा वेगळाच प्लग असेल, तर मोठ्या ग्राफिक्स कार्डासाठी पॉवर सप्लाय बदलताना अडकलाच म्हणून समजा.

२. पॉवर सप्लायच्या लेबलचा फोटो काढा आणि तेच सुटे भाग जोडून कितीला पडतील, याचं लेखी कोटेशन घ्या. फरक दोन-तीन हजारांचा असेल तर मी तयारच घेईन. बिघडल्यावर एकाच दारात जायचं.

जोडलेल्या पीसीत प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी, त्यामुळे बिलावर सगळे सीरियल नंबर लिहून घ्या. तयार पीसीवर सील असेल, तर रॅम वाढवल्यावर वॉरंटी राहते का, हे आधीच विचारा.