कोस आणि योजनांचे किलोमीटर करताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो एकच आकडा सगळीकडे लावल्याने. कोस म्हणजे दोन मैल, म्हणजे ३.२ किलोमीटर, आणि चार कोसांचे एक योजन, हे कोष्टक इंग्रजी अमदानीतल्या मराठी मजकुराला बऱ्यापैकी चालते. अकबराच्या काळातला कोस मात्र ५००० इलाही गजांचा, म्हणजे ४.२ किलोमीटरच्या आसपास. मोगली प्रवासवर्णनातल्या शंभर कोसांना ३.२ ने गुणले, तर शंभर किलोमीटर हवेतच विरतात.

योजनाचे तर विचारूच नका. आर्यभटाने पृथ्वीचा व्यास १०५० योजने दिला, भास्कराचार्यांनी साधारण १५८१. पृथ्वी तीच आहे, योजन निराळे आहे. आजच्या व्यासाशी ताडून पाहिले तर पहिले साधारण १२ किलोमीटरचे पडते, दुसरे ८ चे. अर्थात दोघांचे मोजमाप बरोबर होते असे धरले तरच.

म्हणून कोष्टकाआधी त्याच मजकुराला विचारावे. आज ओळखता येतील अशी दोन गावे आणि त्यांच्यामधले कोस त्यात शोधा. समजा एखाद्या दप्तरात पुणे ते सासवड १० कोस लिहिले आहे. दिवे घाटाच्या रस्त्याने हे अंतर सुमारे ३० किलोमीटर, म्हणजे या लेखकाचा कोस ३ किलोमीटरचा. आता त्याच्याच दुसऱ्या नोंदीवर तपासा: सासवड ते जेजुरी ६ कोस असेल तर १८ किलोमीटर यायला हवेत, आणि रस्ता जवळपास तेवढाच आहे. दोन-तीन जोड्या जुळल्या की मगच अनोळखी गावांना तो दर लावा.

इथे नकाशावर सरळ रेघ ओढून मोजू नका. घाटातला माणूस पक्ष्यासारखा जात नाही. रेघेने मोजले तर कोस उगाच आखूड निघतो. वाटही तीच धरा, कारण सासवडला बापदेव घाटानेही जाता येते आणि ते अंतर वेगळे भरते.

एकच जोडी फटकून असेल तर लेखकाला दोष देण्याआधी आकडा पुन्हा वाचा. जुन्या लिखाणात आकड्यापुढच्या उभ्या रेघा पाव भाग दाखवतात: २। म्हणजे सव्वादोन, २॥ अडीच, २॥। पावणेतीन. त्या दंडाला पूर्णविराम समजून सोडून दिले की अडीच कोसांचे दोन होतात, आणि ३ च्या दराने दीड किलोमीटर गळतो. ॥ ला ११ वाचले तर विचारायलाच नको.

उत्तर गोळाबेरजेतच लिहा. ७ कोसांपुढे '२२.४ किलोमीटर' असे दशांशात लिहिणे फसवे आहे, कारण मूळ लेखकाने बहुतेक वेळा चालण्याच्या वेळेवरून अंदाज केलेला असतो. 'सुमारे २० ते २३ किलोमीटर' लिहा आणि कंसात मूळ '७ कोस' तसेच ठेवा.