गाडी रोखीने घ्यावी की कर्जाने? हिशेबातल्या या चुका टाळा

जुळे सोलापुरातला आमचा शेजारी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, तरी शोरूममधल्या एका कागदाला भुलला. "बघा ओ काका, कर्ज काढलं तर उलट त्र्याण्णव हजार सुटतात!"

कागदावर असं होतं: गाडीसाठी 6 लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के, पाच वर्षं. हप्ता सुमारे 12,600, एकूण व्याज 1 लाख 56 हजार. तेच 6 लाख सात टक्क्यांनी एफडीत राहिले तर व्याज 2 लाख 49 हजार. आकडे बरोबर आहेत, तुलना चुकीची आहे.

एफडीतली रक्कम पाच वर्षं पूर्ण राहते, कर्ज मात्र दर महिन्याला कमी होत जातं. म्हणून व्याज कमी दिसतं. आणि हप्ता कुठून जातो? पगारातून. गाडी रोखीने घेतली असती तर हेच 12,600 दरमहा आरडीत टाकता आले असते. सात टक्क्यांनीच पाच वर्षांनंतर त्याचे सुमारे 9 लाख 6 हजार होतात, तर एफडीचे 8 लाख 49 हजार. म्हणजे रोखीने घेणाराच 57 हजारांनी पुढे. व्याजावर कर बसत असेल तर फरक आणखी वाढतो, कारण एफडीचं व्याज जास्त आहे.

अट एकच: आरडी खरोखर सुरू करायची, पगाराच्या दुसऱ्याच दिवशी खात्यातून आपोआप कापली जाईल अशी. ते पैसे इकडे-तिकडे उडाले तर हा सगळा हिशेब फक्त कागदावरच राहील.

दुचाकीच्या कर्जात वेगळाच खड्डा असतो. "फक्त सात टक्के" म्हणतात तो बहुधा फ्लॅट दर असतो, म्हणजे फेडलेल्या रकमेवरही व्याज चालूच. 1 लाखाला तीन वर्षांत 21 हजार व्याज, हप्ता 3,361. घटत्या शिलकीवर हा दर जवळपास 12.8 टक्के पडतो. म्हणून दर विचारताना "घटत्या शिलकीवर किती?" एवढंच विचारा.

"पतसंस्थेत जास्त मिळतं, तिथे ठेवतो आणि कर्ज काढतो," असंही काही जण म्हणतात. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, 5 लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेच्या ठेवीला तो नसतो. तो जादा टक्का त्या जोखमीचाच आहे.

मात्र सगळी पुंजी गाडीत ओतू नये. शेजाऱ्याकडे साडेसात लाख होते आणि घरात म्हाताऱ्या आईची औषधं चालू. त्याने 4 लाख रोख भरले, बाकी 2 लाखांचं कर्ज घेतलं आणि साडेतीन लाखांची एफडी तशीच ठेवली. कर्ज फिटल्यावर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 घेऊन आरसीवरचा बोजा उतरवायला आरटीओत जायचंय, हे त्याने आत्ताच डायरीत लिहून ठेवलंय.