सराफाकडे रिपेअरला दिलेली मोहनमाळ चोरीला जाते तेव्हा (बेलमेंटचा हा प्रॉब्लेम मी दोनदा चुकवला)

लॉला नवीन आलेल्यांसाठी लिहितोय, त्यातही ज्यांच्या स्पेशल कॉन्ट्रॅक्टच्या पेपरला बेलमेंट, म्हणजे काही कामासाठी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणं, हा विषय आहे त्यांच्यासाठी. मी सध्या पुण्यातच शिवाजीनगर कोर्टात ज्युनिअर आहे, आणि कॉलेजात असताना हा एकच प्रॉब्लेम मी ट्युटोरियलमध्ये एकदा आणि इंटर्नलला एकदा असा दोनदा चुकवला होता, दोन्ही वेळा त्याच जागी. नंतर कळलं की निम्मा वर्ग तिथेच घसरतो.

प्रॉब्लेम असा होता. सुमनने सोमवारी लक्ष्मी रोडच्या एका सराफाकडे 38 ग्रॅमची मोहनमाळ दिली, कडी तुटली होती म्हणून डाख लावायला. मजुरी 600 रुपये, गुरुवारी संध्याकाळी मिळेल असं पावतीवर लिहिलं. बुधवारी रात्री दुकान फुटलं. दुकानाचा स्वतःचा विकायचा सगळा माल तिजोरीत होता, तिजोरीला ओरखडाही नाही, पण रिपेअरला आलेले दागिने कागदी पुडीत बांधून काउंटरखालच्या लाकडी ड्रॉवरमध्ये होते आणि चोरांनी तो ड्रॉवर रिकामा केला. सराफ म्हणतो, वीस वर्षं मी रिपेअरचा माल तिथेच ठेवतो, माझ्या स्वतःच्या दोन अंगठ्यासुद्धा त्यातच होत्या, त्याही गेल्या, आणि पावतीच्या मागे छापलंय की चोरी, आग यांना दुकान जबाबदार नाही. आता सल्ला द्या.

मी काय लिहिलं होतं माहितीये? सराफाने सुमनचा माल स्वतःच्या मालासारखाच सांभाळला, त्याच्याही अंगठ्या गेल्या, म्हणजे कलम 151 ची काळजी घेतली, म्हणून जबाबदार नाही. मला वाटलं काय मस्त मुद्दा पकडलाय. मॅडमनी मार्जिनमध्ये लाल पेनने एवढंच लिहिलं, "कोणाचा माल?"

त्या दोन शब्दांत सगळं आलं, पण मला ते समजायला दुसरी परीक्षा जावी लागली. भारतीय करार अधिनियम 1872 चं कलम 151 असं सांगतं की बेलीने, म्हणजे ज्याच्या ताब्यात वस्तू दिली त्याने, तेवढी काळजी घ्यायची जेवढी एखादा साधारण शहाणा माणूस तशाच परिस्थितीत, तेवढ्याच आकाराच्या, दर्जाच्या आणि किमतीच्या स्वतःच्या वस्तूची घेईल. इथे "स्वतःच्या" हा शब्द त्या काल्पनिक शहाण्या माणसाला लागतो, आपल्या समोरच्या सराफाला नाही. हा सराफ स्वतःच्या अंगठ्यांबाबत निष्काळजी असेल तर तो त्याच्या अंगठ्यांपुरता त्याचा प्रश्न, त्याने सुमनच्या माळेचा निकष खाली येत नाही. उलट गंमत बघा, दोन अंगठ्यांचा मुद्दा त्याने स्वतःहून काढला म्हणून समोरचा वकील लगेच विचारणार, बाकीचा माल कुठे होता? तिजोरीत. मग 38 ग्रॅम सोनं तिजोरीत ठेवायचं असतं हे तुम्हाला माहीत होतं, तिजोरीही होती, तरी माळ ड्रॉवरमध्ये का? म्हणजे "माझ्या मालासारखं सांभाळलं" हा बचाव फॅक्ट्सनीच उलटवला. वीस वर्षांच्या सवयीचंही तेच, वीस वर्षं चोरी झाली नाही याचा अर्थ ड्रॉवर सुरक्षित होता असा होत नाही, नशीब चांगलं होतं असा होतो.

आणि "तशाच परिस्थितीत" हे शब्द वाचून पुढे जाऊ नका, मी जायचो. सोन्याचं दुकान, गजबजलेला बाजार, रात्री दुकानात कोणी नाही, ही ती परिस्थिती. शहाण्या सराफाने काय केलं असतं ते इथे ठरतं. तोच सराफ छत्री दुरुस्तीवाला असता आणि छत्री ड्रॉवरमधून गेली असती तर कोणी तिजोरीबद्दल विचारलं नसतं. एक गोष्ट मात्र सुटते हमखास: इंग्लिश कायद्यात पूर्वी फुकट सांभाळणारा आणि पैसे घेऊन सांभाळणारा यांना वेगवेगळी पातळी लावायचे, आपल्याकडे 151 "सर्व बाबतींत" म्हणतं, त्यामुळे मजुरी 600 आहे का शून्य यावर पान भरू नका.

आता क्रम. मी थेट काळजीवर उडी मारायचो, पण आधी बेलमेंट झालं का ते बघायचं, कलम 148. ताबा दिला का, काही कामासाठी दिला का, आणि काम झाल्यावर तीच वस्तू परत द्यायची असं ठरलं का. मोहनमाळेत तिन्ही सरळ आहेत, तीन ओळीत संपवा. पण समजा सुमनने जुनी माळ मोडीत देऊन त्या बदल्यात तयार नवा हार घ्यायचं ठरवलं असतं, तर तीच माळ परत यायचीच नव्हती, मग ते बेलमेंट नाही. आणि ताब्यावर परीक्षकांना आवडणारी केस म्हणजे कालियापेरुमल पिल्लै विरुद्ध विशालक्ष्मी, मद्रास हायकोर्ट, 1938 च्या रिपोर्टमधली. बाईंनी जुने दागिने सोनाराला वितळवून नवे करायला दिले, पण रोज संध्याकाळी अर्धवट झालेले दागिने परत घेऊन सोनाराच्या खोलीतल्या एका पेटीत ठेवायच्या, कुलूप लावायच्या आणि किल्ली घरी न्यायच्या. एका रात्री चोरी झाली. कोर्ट म्हणालं, रोज संध्याकाळी ताबा बाईंकडे परत जात होता, पेटी सोनाराच्या खोलीत असली तरी त्या रात्री तो बेली नव्हता. खोली कोणाची यापेक्षा किल्ली कोणाकडे, हे लक्षात ठेवा. सुमनकडे ड्रॉवरची किल्ली नव्हती, म्हणून ही केस फरक दाखवायला वापरायची, सराफाला वाचवायला नाही.

मग पुरावा कोणी द्यायचा. सुमनला एवढंच दाखवायचंय की माळ दिली आणि परत मिळाली नाही. रात्री दुकानात काय झालं, कुलूप कसलं होतं, ड्रॉवरला कुलूप तरी होतं का, हे तिला कुठून माहीत असणार? ते सराफाच्याच माहितीतलं, म्हणून पुरेशी काळजी घेतली हे दाखवायचा भार त्याच्यावर येतो. नुसतं "चोरी झाली, एफआयआर केलाय" हे उत्तर नाही. चोरी झाली हे सिद्ध होईल, काळजी घेतली होती हे त्याने सिद्ध होत नाही.

आता फॅक्ट्स थोडे फिरवा. माळ तिजोरीत होती, शटरला दोन कुलपं, अलार्म चालू, आणि चोरांनी गॅस कटरने तिजोरी कापली. आता कलम 152 सराफाच्या बाजूने येतं, 151 इतकी काळजी घेतली असेल आणि वेगळा काही करार नसेल तर नुकसानीला तो जबाबदार नाही. बेली म्हणजे विमा कंपनी नव्हे. हे लिहायला लोक घाबरतात, कारण सुमनबद्दल वाईट वाटतं.

अजून एक फिरवा, हे मला सगळ्यात आवडतं. चोरी बुधवारी नाही, शनिवारी झाली, माळ तिजोरीतच होती, पण गुरुवारी सुमन आली तेव्हा "कारागीर आला नाही हो ताई, सोमवारी या" म्हणून परत पाठवली होती. आता कलम 161, बेलीच्या चुकीने ठरलेल्या वेळी वस्तू परत मिळाली नाही तर तेव्हापासूनच्या नुकसानीला तो जबाबदार, तिजोरी कितीही भक्कम असो. पण माळ गुरुवारी तयार होती आणि सुमनच लग्नाला कोल्हापूरला गेली म्हणून नेली नाही, तर चूक त्याची नाही, 161 लागत नाही, आपण परत 151 वर. म्हणून प्रॉब्लेममध्ये तारीख दिसली की तिच्याखाली रेघ मारा, पेपर सेट करणाऱ्याने ती उगाच टाकलेली नसते.

दुकानातल्या ज्या नोकर कारागिराकडे माळेचं काम दिलं त्यानेच ती लांबवली तर? इंग्लंडच्या कोर्ट ऑफ अपीलची, 1966 च्या रिपोर्टमधली मॉरिस विरुद्ध मार्टिन ही केस इथे कामाची. साफ करायला आलेला मिंक फरचा स्टोल, ज्या नोकराकडे ते काम दिलं त्यानेच चोरला, आणि मालक जबाबदार धरला गेला. ज्याचा त्या मालाशी कामाचा काही संबंधच नव्हता असा नोकर असता तर एवढ्यावरून मालक अडकला नसता, हेही त्यात म्हटलंय, आणि आपल्या कोर्टावर ती बंधनकारक नाही हे एका वाक्यात लिहा.

राहिली पावतीमागची ओळ. 152 मध्ये "वेगळा करार नसेल तर" असं आहे, त्यामुळे सराफ जास्त जबाबदारी घेऊ शकतो यात वाद नाही. कमी करून घेऊ शकतो का यावर मात्र वाद आहे, कारण 151 मध्ये ते शब्दच नाहीत, तर दोन्ही बाजू लिहा. पण त्याआधी साधा प्रश्न विचारा, ती ओळ करारात आली तरी का? माळ काउंटरवर देऊन झाली, दर ठरला, मग पावती हातात पडली, मागची बारीक छपाई कोणी दाखवली नाही. बऱ्याचदा सराफाचा मुद्दा इथेच पडतो.

हे पेपरातलं झालं. ऑफिसात पहिल्यांदा अशी एक मावशी आल्या तेव्हा मी 151 पाठ म्हणायला सज्ज होतो आणि सीनिअरनी फक्त विचारलं, "पावतीवर वजन आहे का?" नव्हतं. "सोन्याची माळ 1 नग, रिपेअर" एवढंच. म्हणजे काळजीचा मुद्दा जिंकूनही भरपाई किती ग्रॅमची मागायची हाच घोळ. तीन आठवडे आम्ही जुनं खरेदीचं बिल शोधत होतो, शेवटी ते त्यांच्या नणंदेकडे लॉकरच्या कागदांत सापडलं, त्यात वजन होतं आणि कॅरेटही. मग मजुरी देऊन सेवा घेतली म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात सेवेतल्या त्रुटीची तक्रार केली, तिथे दोन वर्षांची मुदत असते आणि मावशींचे त्यातले चौदा महिने "देतो ना, पोलीस तपास चालूय" हे ऐकण्यातच गेले होते.